कोपऱ्यातला एक चौकोन

सुट्टीत घरी आलेल्या माझ्या भाच्याने एक गणित माझ्यापुढे ठेवलं. आठवीत आहे तो. दोन पूर्णांकांचा गुणाकार करायचा, त्यातून ते दोन्ही पूर्णांक वजा करायचे, की २३ उरतात. तर ते कोणते? उत्तर त्याने काढलेलं होतं: ५ आणि ७. सात पाचे पस्तीस, त्यातून बारा गेले, राहिले तेवीस.

"कसं काढलंस?" मी विचारलं.

"घालून घालून बघितलं, मामा."

"आणखी कुठली जोडी आहे का?"

"बहुतेक नाही," तो म्हणाला. मग स्वतःच पुन्हा वही ओढली. पाच मिनिटांत त्याला ४ आणि ९ सापडले, थोड्या वेळाने ३ आणि १३. आता त्याचा चेहरा पडला. तीन उत्तरं सापडली याचा आनंद राहिला बाजूला, चौथं असेल का आणि कुठवर शोधत बसायचं, ही चिंता त्याला लागली. "थांबायचं कधी, हे कसं कळतं?" असं त्याने विचारलं, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न हाच आहे.

गणिताच्या भाषेत त्याचं समीकरण असं:

xy − x − y = २३

दोन अज्ञात आणि समीकरण एकच. शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की दोन अज्ञातांसाठी दोन समीकरणं लागतात, एकाने भागत नाही. अपूर्णांक चालत असते तर ते खरंच होतं. x ला ६ मानलं की y येतो २९/५. x ला १० मानलं तर ३३/९. एक सोडून x ला काहीही माना, y मिळतोच. म्हणजे उत्तरांना अंत नाही. पण पूर्णांकच हवेत ही अट आली की चित्र पालटतं. ती एक अट दुसऱ्या समीकरणाचं काम करते. मात्र ते काम तिच्याकडून करून घ्यायचं तर समीकरण आधी योग्य रूपात आणावं लागतं.

मी त्याची चौकडीची वही घेतली. तिच्यावर ५ आडवे आणि ७ उभे असे ३५ घरांचा एक आयत आखला. म्हटलं, हा तुझा xy. आता यातून ७ घरं काढायची आहेत आणि ५ घरं काढायची आहेत. सात घरं म्हणजे उजवीकडचा एक पूर्ण उभा पट्टा. कात्रीने तो कापला. आता तळाचा पाच घरांचा आडवा पट्टा कापायचा. पण कापायला गेलो तर तिथे चारच घरं शिल्लक. पाचवं घर, कोपऱ्यातलं, उभ्या पट्ट्याबरोबर आधीच गेलेलं.

हिशेब सांगतो की एकूण बारा घरं वजा करा. कात्रीने मात्र अकराच घरं काढली. कोपऱ्यातलं घर दोन्ही पट्ट्यांचं असल्यामुळे वजाबाकीत ते दोनदा मोजलं गेलं. म्हणून xy − x − y हे उत्तर हातातल्या कागदापेक्षा एका घराने कमी पडतं. हातातला कागद ४ गुणिले ६, म्हणजे २४ घरांचा नीट आयत आहे, आणि हिशेबात येतात २३. ते दोनदा गेलेलं घर एकदा परत दिलं की हिशेब आणि कागद जुळतात:

xy − x − y + १ = (x − १)(y − १)

वर्गात हे सांगताना शिक्षक म्हणतात, "दोन्ही बाजूंत १ मिळवा." मुलं मिळवतात. पण एकच का, आणि मुळात मिळवायचा कशासाठी, हे बहुतेकांना कळलेलं नसतं. ती एक युक्ती म्हणून पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. कोपऱ्यातलं ते घर एकदा हाताने कापलेलं मूल हे विसरत नाही असा माझा अनुभव आहे.

आता समीकरण झालं (x − १)(y − १) = २४, आणि भाच्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालं. x पूर्णांक असेल तर x − १ हाही पूर्णांक, तसाच y − १. दोन पूर्णांकांचा गुणाकार २४ यायचा तर ते दोघेही २४ चे विभाजक असलेच पाहिजेत, आणि २४ चे विभाजक मोजके आहेत. १ × २४, २ × १२, ३ × ८, ४ × ६. पाचवी जोडी नाही. प्रत्येक अवयवात एक मिळवला की x आणि y हाती येतात: २ आणि २५, ३ आणि १३, ४ आणि ९, ५ आणि ७. त्याच्या यादीत नसलेली चौथी जोडी २ आणि २५ ची होती. ताळा करून पाहिला: पन्नासातून सत्तावीस गेले, तेवीस. बरोबर.

"आता थांबायचं?" त्याने विचारलं.

अजून नाही. गणितात पूर्णांक म्हटलं आहे, धन पूर्णांक म्हटलेलं नाही. ऋण गुणिले ऋण धन होतं, तेव्हा २४ हा (−४) × (−६) असाही लिहिता येतो. मग x = −३ आणि y = −५. ताळा: गुणाकार १५, त्यातून −३ वजा म्हणजे तीन मिळवले, −५ वजा म्हणजे पाच मिळवले, एकूण २३. अशाच आणखी तीन जोड्या निघतात: −२ आणि −७, −१ आणि −११, ० आणि −२३. शेवटच्या जोडीत शून्य आहे आणि तेही चालतं. परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथे जातात. अवयव धनच असतात असं मुलं मनाशी धरून चालतात आणि निम्मी उत्तरं वहीबाहेर राहतात. घालून घालून बघणाऱ्याला तर ही कधीच सापडली नसती, कारण ऋण संख्या घालून बघाव्यात हे सुचतच नाही. आठ जोड्या झाल्या. x आणि y ची अदलाबदल वेगळी मोजली तर सोळा उत्तरं. सतरावं नाही, आणि ते नाही हे आपण छातीठोकपणे सांगू शकतो.

भाच्याला हे सगळं नवं होतं, पण ही पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. ज्या समीकरणात दोन अज्ञातांचा गुणाकार येतो त्याला आपल्या जुन्या गणितात 'भावित' म्हणत. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली लिहिलेल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त भावित समीकरणांचा विचार आहे. आणि भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त तर त्यासाठी स्वतंत्र प्रकरणच आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. 'बीजगणित' ज्याचा भाग आहे तो 'सिद्धान्तशिरोमणि' त्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुरा केला. त्यांच्या काळी x आणि y नव्हते. पहिल्या अज्ञाताला 'यावत्तावत्' म्हणत आणि पुढच्यांना रंगांची नावं देत: कालक, नीलक, पीतक. लिहिताना 'या', 'का', 'नी' अशी आद्याक्षरं, आणि गुणाकारासाठी शेवटी 'भा'. नुसत्या संख्येला 'रूप' म्हणत.

त्या प्रकरणातलं त्यांचं एक उदाहरण असं आहे: दोन राशी आहेत. एकीची चौपट आणि दुसरीची तिप्पट एकत्र करून त्यात दोन मिळवले, तर त्या राशींचा गुणाकार होतो. राशी सांगा. आजच्या लिपीत:

xy = ४x + ३y + २

भास्कराचार्य आधी साधी वाट दाखवतात: एका राशीला मनाला येईल ती किंमत द्या आणि दुसरी काढा. म्हणजे भाचा करत होता तेच, थोडं व्यवस्थित. मग ते म्हणतात, कमी श्रमाची रीत अशी आहे. वर्णांचे गुणक ४ आणि ३ यांचा गुणाकार करा, बारा. त्यात रूप २ मिळवा, चौदा. या चौदाला एखाद्या इष्ट संख्येने भागा. ती इष्ट संख्या आणि आलेला भागाकार त्या दोन गुणकांत मिळवा, की राशींच्या किमती उलट क्रमाने मिळतात. उलट क्रमाने म्हणजे ३ मध्ये मिळवून आलेली किंमत x ची आणि ४ मध्ये मिळवून आलेली y ची.

करून पाहू. इष्ट १ घेतलं तर भागाकार १४. तीन अधिक एक, x चार. चार अधिक चौदा, y अठरा. ताळा: गुणाकार ७२. दुसरीकडे चारची चौपट सोळा, अठराची तिप्पट चोपन्न, आणि दोन, मिळून ७२. इष्ट २ घेतलं तर ५ आणि ११. इष्ट ७ घेतलं तर १० आणि ६. इष्ट १४ घेतलं तर १७ आणि ५. गुणकांत मिळवण्याऐवजी वजा केलं तरी चालतं असंही सूत्रात आहे, आणि ऋण अवयवांची वाट तीच.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढे आहे. भास्कराचार्य रीत देऊन थांबत नाहीत, तिची उपपत्ती देतात, आणि ती दोन प्रकारे देतात: एक क्षेत्रगत, म्हणजे आकृतीने, आणि दुसरी राशिगत, म्हणजे अक्षरांनी. आकृतीची उपपत्ती म्हणजे आपण कात्रीने केलं तेच. x आणि y बाजूंचा आयत घ्या. त्यातून चार रुंदीचा पट्टा म्हणजे ४x आणि तीन रुंदीचा पट्टा म्हणजे ३y बाजूला करा. दोन पट्टे जिथे एकमेकांवर येतात तिथे कोपऱ्यात चार गुणिले तीन, बारा घरं आहेत, आणि ती दोनदा वजा झाली आहेत. ती परत द्या. उरलेला लहान आयत (x − ३)(y − ४) इतका, आणि त्याची घरं बारा अधिक दोन, चौदा. माझ्या भाच्याच्या गणितात पट्टे एकेका घराच्या रुंदीचे होते, म्हणून कोपऱ्यात एकच घर आलं. इथे बारा आली. 'एक मिळवा' हा नियम नव्हेच. नियम आहे 'कोपरा परत द्या'.

चाळीसगावजवळ पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. भावितांचं हे प्रकरण त्या मठात कुणीतरी पाटीवर आयत आखून शिकवलं असेल, असं मला त्या लेखाचा विचार करताना नेहमी वाटतं.

रीत सोपी असली तरी ती कुठे अडखळते ते माहीत हवं. पहिली जागा चिन्हांची. समीकरण xy + x − y = २३ असं असलं तर अवयव (x − १)(y + १) असे पडतात, आणि हा गुणाकार उलगडला की शेवटी उणे एक येतो. तेव्हा इथे दोन्ही बाजूंतून एक वजा करायचा, मिळवायचा नाही. उजवीकडे २२ येतात, २४ नव्हे. सवयीने एक मिळवणाऱ्याला ५ आणि ५ असं उत्तर मिळेल, आणि ताळा करताच ते फसेल, कारण डावी बाजू २५ येते. खरं उत्तर, उदाहरणार्थ, ३ आणि १०: तीस अधिक तीन उणे दहा, तेवीस. एका जोडीचा ताळा करायला अर्धा मिनिट लागतो आणि चिन्हाची चूक तिथेच पकडली जाते.

दुसरी जागा xy ला गुणक असतो तेव्हाची. समजा 3xy − x − y = ७, म्हणजे गुणाकाराची तिप्पट. इथे नुसता एक मिळवून अवयव पडत नाहीत. आधी सगळ्या समीकरणाला तीनने गुणावं लागतं, मग एक मिळवायचा, आणि येतं (३x − १)(३y − १) = २२. बावीसच्या धन जोड्या दोन: १ × २२ आणि २ × ११. पण आता प्रत्येक जोडी उपयोगाची नाही. ३x − १ = १ धरलं तर x = २/३, म्हणजे ही जोडी बाद. दुसऱ्या जोडीतून x = १ आणि y = ४ मिळतात. ऋणांमध्ये उलट होतं: −२ आणि −११ बाद, −१ आणि −२२ मधून ० आणि −७. अवयव पाडले की काम संपलं असं समजणारे इथे चुकतात. प्रत्येक जोडीला शेवटची चाळणी लावावीच लागते.

तिसरी जागा उजवीकडे शून्य येतं ती. xy − x − y = −१ या समीकरणात एक मिळवला की (x − १)(y − १) = ०. दोन संख्यांचा गुणाकार शून्य, तेव्हा त्यातली एक शून्य. x = १ असला की y काहीही चालतो. उत्तरं अनंत, यादी करण्याचा प्रश्नच नाही. आणि याच्या अगदी शेजारचं समीकरण, xy − x − y = ०, म्हणजे ज्यांची बेरीज आणि गुणाकार सारखाच अशा संख्या. तिथे उजवीकडे १ येतो आणि उत्तरं दोनच: २ आणि २, नाहीतर ० आणि ०. बे दुणे चार आणि दोन नि दोन चार, ही गंमत दुसऱ्या कुठल्याही धन पूर्णांकांच्या जोडीत होत नाही, हे एका ओळीत सिद्ध झालं.

आणि एक मर्यादा रीतीच्या मुळाशीच आहे. सगळं काम आपण २४ च्या विभाजकांवर सोपवलं. २४ चे विभाजक तोंडपाठ असतात. पण ती संख्या दोन अवाढव्य मूळ संख्यांच्या गुणाकारातून आलेली, शेकडो अंकी असेल, तर तिचे अवयव पाडणं संगणकालाही आवाक्याबाहेरचं होतं. समीकरण सुटण्याच्या रूपात येतं, प्रत्यक्षात सुटत नाही.

जाता जाता भाच्याने विचारलं, "पण मामा, गुणाकारातून बेरीज वजा कोण कशाला करेल?" प्रश्न रास्त होता. म्हणून त्याला पेढ्यांचं उदाहरण दिलं. समजा एका दुकानात पेढे फक्त पाचाच्या आणि साताच्या पुड्यांत मिळतात, पुडी फोडून देत नाहीत. नेमके किती पेढे घेता येणार नाहीत? बारा घेता येतील, तेरा नाही. सतरा येतील, अठरा नाही. तेवीस नाही. चोवीस येतात, दोन पाचाच्या आणि दोन साताच्या. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीसही येतात. पाच सलग आकडे जमले की त्यांत एकेक पाचाची पुडी वाढवत पुढचे सगळे जमतात. म्हणजे न जमणारा सर्वांत मोठा आकडा २३. पुड्या x आणि y च्या असतील आणि दोघांत १ खेरीज सामाईक विभाजक नसेल, तर हा आकडा नेहमी xy − x − y इतकाच असतो.

मग भाच्याचं गणित असंही वाचता येतं: कुठल्या दोन मापांच्या पुड्या ठेवल्या तर २३ हा शेवटचा न जमणारा आकडा ठरेल? दोघांत सामाईक विभाजक असता तर त्याने २३ लाही भाग गेला असता, आणि २३ मूळ संख्या आहे. म्हणून आपण काढलेल्या चारही जोड्या चालतात: २ आणि २५, ३ आणि १३, ४ आणि ९, ५ आणि ७.

त्या कोपऱ्यातल्या एकाला इथेही अर्थ आहे. शून्यापासून तेवीसपर्यंत मोजलं तर आकडे चोवीस होतात, शून्य धरून. त्यांतले नेमके निम्मे जमतात आणि निम्मे जमत नाहीत. पाच आणि साताच्या पुड्यांसाठी न जमणारे हे: १, २, ३, ४, ६, ८, ९, ११, १३, १६, १८, २३. बारा. चार आणि नवाच्या पुड्या घेऊन यादी स्वतः करून पाहा, तीही बाराचीच निघेल.